‘अं’ काढायचा, पण बोलण्याचा श्वास ठेवायचा

प्रश्न: माझे बाबा नाशिकजवळ द्राक्षं पिकवतात. त्यांना खुर्चीत बसवून मोबाइलवर ४के मध्ये एकाच अँगलने व्हिडिओ करतो. बोलताना ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ खूप येतं आणि मध्येच ते थांबतात. शांतता आपोआप काढणारं टूल वापरलं. २२ मिनिटांचं १३ झालं, पण आता बाबा धापा टाकत बोलल्यासारखे वाटतात आणि दर दोन सेकंदाला मान उडते. झूम इन-झूम आउट करून पाहिलं, तर आणखी विचित्र दिसतं. कट न दिसता वेग नैसर्गिक कसा ठेवायचा?

उत्तर:

आधी ती १३ मिनिटांची टाइमलाइन बाजूला ठेवा आणि मूळ क्लिपवरून पुन्हा सुरुवात करा. त्या कापलेल्या टाइमलाइनमध्ये दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा नव्याने केलेलं काम लवकर होतं, कारण तिथे प्रत्येक कट उघडून त्यात काय हरवलं ते शोधावं लागेल.

तुम्हाला त्रास ‘अं’चा वाटतोय. ऐकणाऱ्याला मात्र ‘अं’ फारसा खटकत नाही, माणूस विचार करतोय एवढंच त्याला कळतं. खटकतो तो विराम, जेव्हा तो चुकीच्या जागी असतो किंवा असायला हवा तिथे नसतो. टूलने तुमच्या बाबांचे सगळे विराम एकाच मापाचे करून टाकले. स्वल्पविरामाला जेवढं थांबणं तेवढंच वाक्य संपल्यावर, आणि तेवढंच नवा मुद्दा सुरू होताना. म्हणून धाप लागल्यासारखं वाटतं. मान उडण्याचं मूळही तेच आहे. आवाजातली शांतता पाहून कट ठरला आणि चित्राकडे कुणी बघितलंच नाही.

किती कापायचं हे बोलणाऱ्यावर, विषयावर आणि पाहणाऱ्यावर ठरतं. छाटणीची पद्धत समजून घेणारा शेतकरी कदाचित मोबाइल बांधावर ठेवून ऐकत असेल; त्याला घाईचं बोलणं नकोच आहे. तीस सेकंदांच्या रीलला वेगळा न्याय. तुमचा व्हिडिओ मोठा आणि शिकवणारा आहे असं धरून मी लिहिते. तेव्हा २२ मिनिटांचे १३ करायचं लक्ष्य सोडून द्या. मुद्द्याबाहेरची वाक्यं काढली आणि खरोखर अडखळलेल्या जागा साफ केल्या, की जे उरेल तीच त्या व्हिडिओची लांबी.

टूलच्या कटांत आणखी एक गोष्ट बिघडते, आणि मराठी बोलण्यात ती फार जाणवते. आपलं वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं: आहे, होतं, करतात, लागतं. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो, त्यामुळे ‘आहे’मधला ‘हे’ किंवा ‘लागतं’मधला शेवटचा स्वर जवळजवळ श्वासाएवढा हलका होतो. अमुक पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता, असं टूलला सांगितलेलं असतं. ते तो ‘हे’ खाऊन टाकतं. मग प्रत्येक वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखं येतं आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नसलं तरी अस्वस्थ वाटतं. टूल वापरायचंच असेल तर कापायला वापरू नका, लांब विराम शोधायला वापरा. एक सेकंदापेक्षा मोठी शांतता असेल तिथेच खूण करायला सांगा आणि प्रत्यक्ष कट हाताने करा.

मोबाइलचं फुटेज असल्यामुळे आणखी एक काम सुरुवातीलाच उरकून घ्या. बरेच मोबाइल ठरावीक फ्रेम रेट पाळत नाहीत, प्रकाशानुसार तो थोडा वरखाली होतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे लांब क्लिपच्या शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची जुळणी सुटते, आणि मग तुम्ही कितीही नीट कापलं तरी कट चुकल्यासारखा दिसतो. आधी ffmpeg या कमांड लाइनवरच्या प्रोग्रॅमने स्थिर फ्रेम रेटची प्रत बनवून घ्या:

```
ffmpeg -i baba.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy baba_30.mp4
```

आता मुख्य काम. पहिला कट करायच्या आधी बाबांची स्वतःची लय मोजून घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असा एखादा तुकडा सापडतोच, जिथे माणूस कॅमेरा विसरून रंगून बोलतो, बहुधा एखादा जुना अनुभव सांगताना. असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा शोधा आणि त्यातले विराम वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, मोजा. शांतपणे बोलणाऱ्या माणसांत मला साधारण असं आढळतं: वाक्याच्या आत दोन शब्दसमूहांमध्ये पाव सेकंदाच्या आसपास, वाक्य संपल्यावर अर्धा ते पाऊण सेकंद, आणि नवा मुद्दा सुरू करताना एक सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त. तुमच्या बाबांचे आकडे वेगळे येतील आणि वापरायचे ते त्यांचेच. एक कागद घेऊन हे तीन आकडे लिहून ठेवा. पुढे कुठलाही ‘अं’ काढलात की त्या जागी किती विराम उरवायचा, हे या कागदावरून ठरेल. ‘अं’ जातो, पण त्याच्या आजूबाजूची सगळी वेळ त्याच्याबरोबर जाऊ द्यायची नसते.

मग सगळी क्लिप एकदा कट न करता ऐका आणि अडखळण्याचे प्रकार वेगळे करा. पहिला प्रकार सुटा ‘अं’. त्याच्या दोन्ही बाजूंना शांतता असते, तो निर्धास्त काढता येतो. दुसरा चिकटलेला ‘अं’. ‘पहिली-अं-एप्रिलमध्ये’ असा तो एका स्वरातून दुसऱ्या स्वरात वाहत जातो. वेव्हफॉर्ममध्ये त्याच्या कडेला फटच दिसत नाही. तो कापायला गेलात तर मागच्या किंवा पुढच्या शब्दाचा तुकडा पडतो. तो तसाच सोडावा, फार तर त्या जागी आवाज तीन-चार डेसिबलने खाली घ्यावा. तिसरा प्रकार म्हणजे फिलर वाटणारे पण काम करणारे शब्द. ‘आपण छाटणी करतो ना’ यातला ‘ना’ समोरच्याला बरोबर घेतो. ‘म्हणजे’ कधी नुसता वेळ काढायला येतो आणि कधी आधीचं सोपं करून सांगायला; दुसऱ्या वेळी तो काढलात तर वाक्याचा सांधाच निखळतो. ‘बरं का’ तर बाबांच्या बोलण्याची ओळख असू शकते. प्रत्येक वाक्यात चार वेळा आलं तर दोन काढा, सगळी काढू नका.

एक वाक्य घेऊन प्रत्यक्ष करून दाखवते. समजा बाबा म्हणाले:

“तर आता… अं… म्हणजे वर्षातून दोनदा… आपण… दोनदा छाटणी करतो ना, तर त्यातली पहिली-अं-एप्रिलमध्ये.”

वेव्हफॉर्मवर हे साडेनऊ सेकंदांचं आहे असं धरू. ‘तर आता’ ०.६ सेकंदाला संपतं. १.३ ते १.८ ‘अं’. मग शांतता, त्यात २.१ ते २.४ श्वास घेतल्याचा आवाज. २.५ला ‘म्हणजे’ सुरू होतं आणि न थांबता ‘वर्षातून दोनदा’ ३.९पर्यंत जातं. ४.५ ते ४.९ ‘आपण’. ५.३ ते ५.७ दुसरं ‘दोनदा’. लगेच ‘छाटणी करतो ना’ ६.८पर्यंत. पुढे ०.४ सेकंद थांबून ‘तर त्यातली पहिली’ आणि शेवटचा चिकटलेला ‘अं’.

सुरुवातीची खिंड पाहा. ‘तर आता’ ते ‘म्हणजे’ यांत १.९ सेकंद गेलेत. कागदावरच्या आकड्यांप्रमाणे इथे साधारण अर्धा सेकंद पुरेसा आहे. पण तो अर्धा सेकंद कुठला ठेवायचा? श्वासाचा ठेवायचा. श्वास पुढच्या वाक्याचा असतो. त्याने ऐकणाऱ्याला कळतं की आता शब्द येणार. म्हणून ०.७ला बाहेर पडायचं आणि २.०५ला आत यायचं. ‘तर आता’नंतर ०.१ आणि ‘म्हणजे’च्या आधी ०.४५, मिळून ०.५५ सेकंदाचा विराम, आणि त्यात श्वास शाबूत. श्वास मोठा वाटला तर सहा-आठ डेसिबल खाली घ्या, पुसू नका. मोठा तुकडा काढताना याच्या उलट अडचण येते: काढलेल्या तुकड्याच्या आधीही श्वास, नंतरही श्वास, आणि दोन्ही शेजारी येतात. माणूस दोनदा श्वास घेऊन मग बोलतो असं ऐकू येतं. त्यातला पुढच्या शब्दाजवळचा ठेवायचा, आधीचा काढायचा.

इथे ‘म्हणजे’सुद्धा काढावंसं वाटेल. पण ‘म्हणजे’चा ‘ए’ ‘वर्षातून’च्या ‘व’मध्ये मिसळलाय, मध्ये फट नाही. आणि ‘अं’ गेल्यावर “तर आता, म्हणजे वर्षातून दोनदा” हे कानाला अगदी साधं वाटतं. एक फिलर एकटा आला तर खटकत नाही. दोन-तीन ओळीने येतात तेव्हा खटकतात. म्हणून अशा रांगेतला कापायला सर्वांत सोपा तो काढायचा आणि पुन्हा ऐकायचं. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

आता ‘दोनदा’ दोनदा आलंय. कुठलं ठेवायचं? पहिलं काढायचं तर ‘वर्षातून’ आणि ‘दोनदा’ यांच्यामध्ये कापावं लागेल. तिथे ‘न’ आणि ‘द’ एकमेकांत शिरलेत: जीभ दातांमागेच असते, ‘न’वरून ‘द’वर जाताना आवाज थांबतही नाही. दुसरं ‘दोनदा’ काढायचं तर त्याचा शेवट ‘छाटणी’ला लागतो. ‘छ’ उच्चारण्याआधी तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडते आणि वेव्हफॉर्ममध्ये तिथे बारीकशी सपाट जागा दिसते. ही जागा कापायला उत्तम. क, ट, त, प, च आणि त्यांचे ख, ठ, थ, फ, छ या सगळ्यांच्या आधी अशी अडलेली हवा सापडते. म्हणून शब्दाच्या मध्यात कट करायची वेळ आली तर या वर्णांच्या दारात करावा. म, न, य, र, ल, व आणि स्वर यांच्या दारात तो बहुधा ऐकू येतो. आपण ५.०ला, म्हणजे ‘आपण’ संपल्यावर लगेच, बाहेर पडतो आणि ५.७५ला ‘छ’च्या आधीच्या सपाट जागेत आत येतो. उरलं: “वर्षातून दोनदा… आपण छाटणी करतो ना.”

हे ठरवण्याआधी एक तपासायचं. बाबांनी जोर कुठल्या ‘दोनदा’वर दिलाय? पहिलं पुटपुटल्यासारखं आणि दुसरं ठासून असेल, तर दुसरं काढल्यावर मुद्दाच हरवेल. मग काहीच न कापता दोन्ही ठेवावीत. बोलताना माणसं जोर देण्यासाठीही शब्द पुन्हा म्हणतात.

‘दोनदा’ आणि ‘आपण’ यांच्यामधला ०.६ सेकंदाचा विराम मी तसाच सोडला, तो वाक्याच्या आत असूनही. तो पाव सेकंदावर आणला असता, तर त्याचा कट आणि ‘छाटणी’च्या आधीचा कट यांच्यात चित्राचं जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद उरलं असतं. एका सेकंदात दोनदा हललेलं चित्र लपवता येत नाही, तिथेच तुम्ही म्हणता तशी मान उडते. आवाजाच्या दृष्टीने बरोबर असलेला कट चित्रासाठी सोडून द्यावा लागतो तो असा. शेवटचा चिकटलेला ‘अं’ही राहिला. साडेनऊचे साधारण ७.४ सेकंद झाले आणि फक्त दोन कट पडले. टूलने इथे पाच-सहा पाडले असते.

आवाजाच्या सांध्यांसाठी दोन गोष्टी लागतात. प्रत्येक कटवर अगदी छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे आधीचा आवाज विरत जाताना पुढचा चढत येऊ द्या, एक ते दोन फ्रेमचा. ३० फ्रेममध्ये एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, तेवढ्याने टिक्‌ असा आवाज जातो. यापेक्षा लांब क्रॉसफेड दिलात तर काढलेला ‘अं’ पुन्हा पुसट ऐकू येतो. आणि ३३ मिलिसेकंदांच्या पायरीने ‘छ’ची सपाट जागा पकडता येत नसेल, तर फ्रेमपेक्षा बारीक सरकण्याची सोय वापरा. प्रीमियरमध्ये टाइमलाइनच्या मेनूत `Show Audio Time Units` आहे, रिझॉल्व्हमध्ये `Fairlight` पानावर हे काम होतं.

दुसरी गोष्ट खोलीचा आवाज. पंखा, फ्रिज, लांबचा रस्ता हे सगळं मिळून एक पट्टा सतत वाजत असतो. कुठे विराम वाढवायचा असेल आणि तुम्ही तिथे कोरी शांतता टाकलीत, तर त्या जागी खोलीच नाहीशी होते. त्याच रेकॉर्डिंगमधला, बाबा न बोलता बसलेत असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा शोधून तो भरा. गोंगाट कमी करणारा फिल्टर लावायचा असेल तर सगळे कट झाल्यावर पूर्ण ट्रॅकवर एकसारखा लावा. तुकड्या-तुकड्याला वेगळा लावला तर प्रत्येक सांध्याला मागचा आवाज बदलतो. रस्त्यावरचा हॉर्न किंवा कुकरची शिट्टी चालू असताना कट आला, तर तो लपत नाही. एक तर शिट्टी पूर्ण राहू द्या किंवा पूर्ण जाऊ द्या.

हे सगळं होईपर्यंत चित्राकडे बघू नका. आवाज डोळे मिटून ऐकला आणि कुठेही कान अडला नाही, की मगच चित्र.

चित्रात बघायचं एवढंच: कटच्या आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम शेजारी ठेवली तर शरीर त्याच जागी आहे का? मी पाहते त्या क्रमाने सांगायचं तर आधी डोळे, मग डोक्याची जागा, मग ओठ, मग खांदे आणि हात. डोळे जुळले आणि डोकं बोटभर हललेलं असलं तरी बहुतेकांना कळत नाही. डोळे छताकडून एकदम कॅमेऱ्याकडे आले तर सगळ्यांना कळतं. आणि ‘अं’ म्हणताना माणूस नेमका वर किंवा बाजूला बघतो, म्हणून ‘अं’च्या अगदी कडेला केलेले कट इतके दिसतात.

इथे विरामाचा दुसरा उपयोग होतो. आपल्या पहिल्या कटमध्ये आवाज ०.७ला तुटतो आणि २.०५ला जुळतो. काढलेला वेळ १.३५ सेकंद. चित्रातूनही तेवढाच वेळ जायला हवा, नाहीतर पुढचे ओठ जुळणार नाहीत. पण तो नेमक्या त्याच जागी जायला हवा असं नाही. बाबा ०.६ ते १.३ गप्प आहेत आणि १.८ ते २.५ही गप्प आहेत. या वेळात ओठ कुठल्याही अक्षराला बांधलेले नाहीत. म्हणून आवाजाचा कट जागेवर ठेवून चित्राचा कट पुढे सरकवता येतो: ०.८ आणि २.१५, किंवा १.० आणि २.३५. प्रत्येक जोडीत अंतर १.३५च आहे. यातली कुठली जोडी सर्वांत जुळते ते एकेक फ्रेम सरकवून बघा. प्रीमियरमध्ये कटची जागा सरकवणारं रोलिंग एडिटचं टूल `N`वर आहे. `Alt` दाबून धरलं की फक्त चित्राची कड पकडता येते. बहुतेक वेळा अशी एक जागा निघते, जिथे दोन्हीकडे ओठ मिटलेले आणि नजर कॅमेऱ्यात असते. एखाद्या बाजूला पापणी मिटत असेल तर आणखी उत्तम. पापणी मिटताना झालेला बारीक फरक डोळ्यांत भरत नाही.

अशी जोडी नसेल तर हालचाल वापरा. कटनंतर लगेच बाबा हात उचलत असतील किंवा मान वळवत असतील, तर कट त्या हालचालीच्या सुरुवातीला न्या. पाहणाऱ्याचं लक्ष हलत्या हातावर जातं आणि खांदा थोडा सरकलेला कळत नाही. मात्र हालचाल अर्धी सोडून बाहेर पडू नका. अर्ध्यावर उचललेला हात पुढच्या फ्रेममध्ये मांडीवर असेल तर कुठल्याही युक्तीने तो झाकत नाही.

झूमबद्दल. तुमचं रेकॉर्डिंग ४के आहे, व्हिडिओ १०८०पीमध्ये द्यायचा असेल तर २०० टक्क्यांपर्यंत वाढवूनही चित्र फुटत नाही, त्यामुळे दर्जाची अडचण नाही. विचित्र दिसलं त्याला दोन कारणं संभवतात. झूम पाच-सात टक्क्यांचा असेल तर तो ठरवून केलेला वाटत नाही, कॅमेऱ्याला धक्का लागल्यासारखा दिसतो. पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली जाऊ नका, आणि वाढवल्यावर डोळे पडद्यावर आधीच्याच उंचीवर येतील असं चित्र सरकवा. दुसरं म्हणजे तो वाक्याच्या मध्यात आला असेल. जवळ जाणं म्हणजे ‘आता नीट ऐका’ असं सांगणं. ते नव्या वाक्यालाच शोभतं. वरच्या उदाहरणात ‘तर आता’ आणि ‘म्हणजे’ यांच्यामध्ये झूम करू नका. डोळे जुळतच नसतील तर ‘तर आता’ही काढून टाका, मग ‘म्हणजे वर्षातून दोनदा’पासून नवं वाक्य सुरू होतं आणि झूमला जागा मिळते. एकदा जवळ गेलात की तो मुद्दा संपेपर्यंत तिथेच राहा. प्रत्येक कटला आत-बाहेर केलं की पाहणारा कटच मोजायला लागतो.

मॉर्फ कट किंवा स्मूथ कट नावाचे परिणाम दोन चेहऱ्यांच्या मधल्या फ्रेम तयार करून सांधा बुजवतात. डोकं जवळजवळ त्याच जागी, तोंड मिटलेलं, मागचं दृश्य स्थिर, असं असेल तर चार-सहा फ्रेमचा परिणाम छान बसतो. चेहऱ्यासमोर हात असेल, चष्म्यावर खिडकीची चमक असेल किंवा मागे पडदा हलत असेल तर तिथे चित्र वितळल्यासारखं दिसतं, आणि ते साध्या कटपेक्षा वाईट. लावल्यावर एकेक फ्रेम पुढे जाऊन बघा, वेगात पाहताना ते निसटतं.

आणि ज्या जागा कशानेच जुळत नाहीत, त्यांच्यासाठी बागेतली दृश्यं. कात्री, काडी, छाटलेल्या वेलीचा जवळून घेतलेला शॉट. प्रत्येक कटवर एक दृश्य चिकटवू नका. जिथे तीन-चार कट जवळजवळ आलेत असा सगळा पट्टा एका दृश्याखाली घ्या आणि ते दृश्य कटच्या थोडं आधी, बाबा त्या वस्तूचं नाव घेतात तिथे सुरू करा. मग ते झाकण्यासाठी आलंय असं वाटत नाही. चार-पाच सेकंद राहू द्या. त्याखाली तुम्ही आवाज हवा तसा घट्ट करू शकता, कारण ओठ दिसतच नाहीत. ‘दोनदा’ आणि ‘आपण’मधला जो विराम आपण चित्रासाठी सोडला होता, तोही अशा दृश्याखाली पाव सेकंदावर आणता येईल.

तपासणी दोनदा करा. एकदा पडद्याकडे न बघता फक्त ऐका, हेडफोन लावून. शब्दांचे खाल्लेले शेवट, दुहेरी श्वास, आवाजाच्या पट्टीतली उडी हे तिथे सापडतं. पट्टीतली उडी म्हणजे आधीचा शब्द खालच्या सुरात संपतो आणि पुढचा, वाक्याच्या मध्यातलाच असून, नव्या वाक्यासारखा वरून सुरू होतो. विराम बदलून ती जात नाही. कट दुसऱ्या शब्दावर न्यावा लागतो किंवा मूळचं अडखळणं परत आणावं लागतं. मग एकदा आवाज बंद करून फक्त पाहा, न थांबता, आणि नजर अडकली की मार्कर टाका. हे दुसऱ्या दिवशी केलंत तर बरं, कारण कट करताना तुम्हाला प्रत्येक सांध्याची जागा पाठ झालेली असते. बाबांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाला ऐकवून “बाबा असेच बोलतात ना?” एवढंच विचारा. “आज जरा घाईत होते का?” असं उत्तर आलं, तर वाक्यांच्या शेवटचे विराम थोडे वाढवा.

पुढच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मोबाइलचं एक्स्पोजर, फोकस आणि शक्य असेल तर व्हाइट बॅलन्सही लॉक करा. ढग आला की चित्र आपोआप उजळतं आणि तिथला कट रंगामुळे उघडा पडतो. सुरुवातीला बाबांना अर्धा मिनिट गप्प बसवून खोलीचा आवाज घ्या. ते अडखळले तर “तिथून पुढे बोला” असं सांगू नका, पूर्ण वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायला सांगा, आणि त्याआधी हात मांडीवर ठेवून एकदा कॅमेऱ्याकडे बघायला सांगा. मग सांधा दोन वाक्यांच्या मध्ये येतो, आणि तिथे हात, नजर, ओठ आधीच जुळलेले असतात.